मदत हवी आहे: वडिलांना कातडीच्या आत जखम, घाण वास येतो, चांगलं मलम सांगा

सीनाकाठ
वडिलांना लघवीच्या जागी कातडीच्या आत जखम आहे. पाणी सुटतं, वास येतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी मलम आणि गोळ्या दिल्या. लावलं की कमी होतं, बंद केलं की पुन्हा सुरू. मी पुण्यात आहे, सध्या रजा मिळत नाही. याहून जास्त पॉवरचं मलम कुणाला माहीत असेल तर नाव सांगा, इथून कुरिअर करतो. "डॉक्टरला दाखवा" एवढंच कृपया लिहू नका, दाखवून झालंय.

रानवारा
कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने दोन वेळा धुवायला सांगा. आमच्या काकांचं असंच होतं, पंधरा दिवसांत सुकलं. मलमांनी उलट कातडी खराब होते.

मालती_सिस्टर
भाऊ, आधी हे सांगा. वय किती? साखर आहे का? जखम किती दिवसांपासून आहे? कातडी पूर्ण मागे सरकते का? पूर्वी सरकायची आणि आता सरकत नाही असं आहे का? दुखतं का? डॉक्टरांनी उघडून पाहिलं होतं का? मलमाच्या ट्यूबवर काय लिहिलंय? जांघेत अवधान म्हणजे गाठ आलीय का? हे कळल्याशिवाय कुणी औषधाचं नाव सांगितलं तरी ऐकू नका.

घाटमाथा
साखरेची कोणती गोळी चालू आहे तेही सांगा. डापाग्लिफ्लोझिन असेल तर कारण तेच. त्या गोळीने साखर लघवीतून जाते आणि कातडीखाली बुरशी होते. मला झालं होतं. गोळी बदलली, बुरशीची गोळी घेतली, आठवड्यात बरा झालो.

सीनाकाठ
वय ६१, साखर आहे. घाटमाथा, गोळी तीच आहे, जानेवारीत सुरू झाली. जखम दिवाळीच्या सुमारास झाली म्हणतात, म्हणजे सात महिने झाले. दुखत नाही, म्हणूनच कुणाला बोलले नसतील. आईला कळलं ते लेंग्यावर पिवळट-तांबूस डाग दिसायला लागले म्हणून. धुवायला टाकायच्या आधी ते स्वतःच लेंगा भिजवून ठेवायचे. कातडी वर्षभर मागे जात नाही, त्याआधी जायची. डॉक्टरांनी उघडून पाहिलं नाही, लाजेने आप्पांनीच दाखवलं नसेल. ट्यूबवर क्लोबेटासॉल, जेंटामायसिन, मायकोनाझोल असं लिहिलंय. आतापर्यंत नऊ-दहा ट्यूबा झाल्या.

जिज्ञासू
हा गुप्तरोग आहे, स्पष्ट बोलतो. व्हीडीआरएल ही रक्ताची तपासणी करा, आईचीही करा.

मालती_सिस्टर
मी मूत्रविकार विभागात १८ वर्षं होते, पुरुषांची ड्रेसिंग माझ्याकडेच असायची. म्हणून स्पष्ट लिहिते.

घाटमाथा यांचं अर्धं बरोबर आहे. त्या गोळीने बुरशी होते, पण इथे जखम आधीची आणि गोळी नंतरची आहे. शिवाय बुरशीला खाज असते, लाली असते, दह्यासारखा पांढरा थर दिसतो आणि नीट औषध दिलं की दोन आठवड्यांत फरक पडतो. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

जिज्ञासू यांचंही एवढं खरं की व्हीडीआरएल आणि एचआयव्ही दोन्ही तपासायला हवं. सिफिलिसची जखमही दुखत नाही आणि हाताला टणक लागते. पण ती काही आठवड्यांत आपोआप भरून येते. सात महिने एकाच जागी वाहत राहणारी जखम तशी नसते. त्यामुळे घरात संशयाचं वातावरण करू नका.

आता मलमाबद्दल. त्या ट्यूबमध्ये जोरदार स्टिरॉइड आहे. त्याने लाली जाते, सूज उतरते, माणसाला बरं वाटतं. मलमासोबत दिलेल्या गोळ्यांनी वास कमी होतो, कारण वास जखमेवरच्या मेलेल्या भागात वाढणाऱ्या जंतूंचा असतो. जंतू मेले की वास जातो, जखम तिथेच राहते. "लावलं की कमी होतं" याचा अर्थ एवढाच आहे. म्हणून जास्त पॉवरचं मलम पाठवू नका, आहे तेही बंद करा.

वर्षभरापूर्वी मागे जाणारी कातडी साठीत घट्ट झाली, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. साखरेने असं होतं, पांढरट डागांच्या एका कातडीच्या रोगानेही होतं, पण आत वाढणाऱ्या गाठीनेही होतं. बाहेरून काहीच दिसत नाही. आप्पांना सांगा, कातडीवरूनच बोटांनी हळू चाचपा. मऊ मांसात सुपारीसारखा घट्ट भाग लागतो का? आणि तंबाखू?

सीनाकाठ
तंबाखू आहे, मळून, तीस-पस्तीस वर्षं. फोनवर विचारलं. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, एका बाजूला चिंचोक्याएवढं कडक लागतं. उजव्या जांघेत अवधान आहे, पण पायाला काट्याने जखम झाली होती त्याचं असेल म्हणाले. सिस्टर, तुम्ही कॅन्सरबद्दल बोलताय का?

मालती_सिस्टर
हो. कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही, पण नाही हे तुकडा तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. नीट औषध घेऊनही तीन-चार आठवड्यांत न भरलेली जखम किंवा टणक चट्टा असेल तर तुकडा काढायचा. आप्पांचे सात महिने झालेत. याच आठवड्यात शल्यचिकित्सक किंवा मूत्रविकारतज्ज्ञ गाठा. तुमच्या भागाला बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडेल.

रानवारा
तुकडा अजिबात काढू देऊ नका. सुई लागली की कॅन्सर पसरतो. आमच्या गावात एकाचं तसंच झालं, तपासणीनंतर सहा महिन्यांत गेला. आधी आयुर्वेदाचं करून बघा.

मालती_सिस्टर
रानवारा, तुमच्या गावातला माणूस उशिरा आला होता, म्हणून गेला. तुकड्याने हा कॅन्सर पसरत नाही. कडेचा छोटा भाग घेतात, जागा बधिर करून. कातडी घट्ट असेल तर आधी वरच्या बाजूने उभी चीर देऊन ती उघडतात, तेव्हा कुठे आतलं दिसतं. कडुनिंबाने धुण्याला माझी हरकत नाही, पण त्या "बघू" म्हणण्यात जे दोन महिने जातात त्याला आहे.

पंचगंगा
मी कधी लिहीत नाही, फक्त वाचतो. आज लिहितो. मला ४९ व्या वर्षी हाच झाला. आधी मोहरीएवढी पुळी होती. मेडिकलवाल्याकडून ट्यूब घेऊन चौदा महिने काढले. बायकोला काय सांगू, डॉक्टरसमोर कपडे कसे काढू, यातच वेळ गेला. शेवटी रक्त आलं तेव्हा गेलो. सर्जन म्हणाले, पुळी होती तेव्हा आला असता तर कातडी आणि थोडा वरचा भाग काढून भागलं असतं. माझा बराचसा अवयव काढावा लागला, दोन्ही जांघांतल्या गाठीही काढल्या. आता बसून लघवी करतो. संध्याकाळी पाय सुजतात, मोजे घालावे लागतात. सहा वर्षं झाली, शेती करतो. सीनाकाठ, रजेचं नंतर बघा.

दादरकर
म्हणून मी म्हणतो, मुलांची लहानपणीच सुंता करून टाकावी. ज्यांच्यात ती प्रथा आहे त्यांच्यात हा रोग फार कमी दिसतो. आमच्या सोसायटीत हे बोललो तर लोक धर्म काढतात.

घाटमाथा
दादरकर, इथे ६१ वर्षांच्या माणसाचा प्रश्न चाललाय. आणि रोज कातडी मागे घेऊन धुतलं तर सुंतेची गरजच काय?

दादरकर
ज्यांची मागेच जात नाही त्यांनी काय धुवायचं?

मालती_सिस्टर
त्यांनीच तर दाखवायला हवं. हा वाद वेगळ्या धाग्यात घाला. ज्याला जखम आहे त्याला आता सुंतेने संरक्षण मिळत नाही, तपासणीला वाट मिळते इतकंच.

सीनाकाठ, जांघेतल्या गाठीचं. ती काट्याची असू शकते, जखमेतल्या जंतूंचीही असू शकते. पूर्वी सहा आठवडे अँटिबायोटिक देऊन वाट बघायचे. आता तशी वाट बघत नाहीत, गाठीत लगेच सुई घालून तपासतात. कारण या रोगात जीव वाचणं गाठींवर ठरतं. गाठी स्वच्छ असतील तर दहातले जवळजवळ नऊ जण पाच वर्षांनंतरही असतात. पोटाच्या आतल्या गाठींपर्यंत गेला तर फार थोडे. मधला सगळा फरक काही महिन्यांचा असतो.

जिज्ञासू
पीएसए पण करून घ्या. साठीनंतर प्रोस्टेट बघायलाच हवं.

सीनाकाठ (११ दिवसांनी)
बिनपगारी रजा काढली. पहिल्या दिवशी आप्पा टेबलावर चढायलाच तयार नव्हते. डॉक्टरांनी मला आणि तिथल्या सिस्टरना बाहेर पाठवलं, तेव्हा तयार झाले. चीर दिली. आत कडा उचललेली जखम होती, मध्ये खळगा, पांढरट मळ. व्हीडीआरएल, एचआयव्ही नाही. साखर २६० होती, ती आधी उतरवली. काल तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे, स्क्वॅमस सेल. एमआरआयमध्ये आतल्या स्पंजासारख्या भागात गेलेला दिसत नाही. उजव्या गाठीच्या सुईत कॅन्सरच्या पेशी नाहीत, पण डॉक्टर म्हणतात एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, सोनोग्राफी बघत पुन्हा सुई घालू. आधी पुढचा भाग काढतील. आप्पांनी एवढंच विचारलं, उभं राहून लघवी होईल का? होईल म्हणाले.

काका म्हणतात मुंबईला टाटाला न्या. मामा म्हणतात आता एक दिवस घालवू नका, इथेच उरका. काय करू?

पंचगंगा
डॉक्टर पुढची तारीख देत असतील तर तिथेच करा. मी मत घेत फिरलो त्यात पाच आठवडे गेले.

घाटमाथा
मी टाटाला नेलं असतं. हे रोजचं ऑपरेशन नाही, वर्षाला बरेच करणाऱ्याच्या हाती द्यावं. गाठी काढायच्या की नाहीत, तिथेच खरं कौशल्य लागतं.

मालती_सिस्टर
दोघांचंही चुकीचं नाही. इथल्या सर्जनना सरळ विचारा की जांघेच्या गाठींची शस्त्रक्रिया ते स्वतः करतात का आणि वर्षाला किती. उत्तर पटलं तर तारीख घ्या. न्यायचंच ठरलं तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून मेणातला ब्लॉक आणि काचेच्या स्लाईड सही करून मागून घ्या, एमआरआयची सीडी घ्या. ब्लॉक नसला की तिथे पुन्हा तुकडा काढतात आणि त्यात आणखी दहा दिवस जातात. आधार आणि रेशन कार्डही सोबत ठेवा, फुले योजनेचं तिथेच विचारता येईल.

सीनाकाठ
लॅब सातला बंद होते. निघालो.