मदत हवी आहे: केकचा किलोचा भाव कसा काढायचा?

सायली_नाशिक: घरून केक करते. ७०० रुपये किलो, अर्धा किलो ३५०. महिनाभर रात्री बारापर्यंत राबले, हातात काहीच उरलं नाही. किती भाव लावू? लवकर सांगा, उद्या ऑर्डर घ्यायची आहे.

बेकरकाकू: साहित्याच्या तिप्पट लाव गं. मी दहा वर्षं तेच करतेय.

हिशोबी: कुठला केक ते कळल्याशिवाय काय सांगणार? साहित्य किती, खोका किती, वेळ किती? आणि अर्ध्या किलोचे केक जास्त जातात का?

सायली_नाशिक: अननस, एगलेस, प्रिमिक्सचा. किलोला साहित्य २०५. खोका, बोर्ड, सुरी, मेणबत्ती मिळून ५०, वीज १५. अर्ध्याचेच जास्त जातात. वेळ धरला नाही, घरचंच काम ना.

मधुरा: प्रिमिक्सचा स्पंज कोरडा होतो का? माझा तर दगड होतो.

हिशोबी: मधुराताई, वेगळा धागा काढा. सायली, वेळ किती लागतो?

सायली_नाशिक: क्रीम फेटण्यापासून भांडी घासेपर्यंत तीन तास. अर्ध्याला अडीच.

हिशोबी: दुखणं तिथेच आहे. तासाला ८० धरले तर किलोला २०५ + ६५ + २४० = ५१०. अर्ध्याला साहित्य १०५, पण खोका, वीज जवळजवळ तेवढीच, ६०. वेळ २००. झाले ३६५. तू ३५० ला देतेस, म्हणजे पदरचे १५ घालतेस. नफा विक्रीच्या २० टक्के हवा तर ०.८ ने भाग: किलो ६४०, अर्धा ४६०.

बेकरकाकू: माझ्या तिपटीनेही किलोला ६१५च येतात की!

हिशोबी: किलोला जमतं काकू, पण अर्ध्याला ३१५ येतात. त्यात मजुरीच निघत नाही.

सायली_नाशिक: ४६० कोण देईल? शेजारच्या गल्लीत ३५० ला मिळतो.

बेकरकाकू: मग नको घेऊस ती ऑर्डर. लोकांना सवय लावलीस तू.

हिशोबी: किंवा अर्ध्याचे दोन एकाच दिवशी घे. एकदाच मिश्रण, एकदाच क्रीम, साडेतीन तासांत दोन्ही होतात. मजुरी प्रत्येकी १४०, खर्च ३०५, भाव ३८०. आणि तयार केक काट्यावर ठेवून बघतेस का?

सायली_नाशिक: नाही. थांबा, फ्रिजमध्ये उद्याचा किलोचा आहे.

सायली_नाशिक: बोर्ड वजा करून ११८० भरला 😳

हिशोबी: बघ. १८० ग्रॅम आयसिंगमध्ये गेलं, गिऱ्हाइकाला पत्ताही नाही.

प्रशांत_ठाणे: FSSAI ची नोंदणी केली आहे ना?

सायली_नाशिक: तो नंतरचा विषय. उद्याच्या ताईंना ३५० सांगून बसलेय, आता ३८० कसे मागू?

बेकरकाकू: हा एक दे. पुढच्या वेळी फोनवरच सांग.