मदत हवी आहे: बोलणी अडली की मधली सुट्टी कशी घ्यावी?

नमस्कार. अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात पगारवाढीच्या कराराची बोलणी चालू आहेत; मी युनियनच्या बाजूने बसतो. परवा चार तास साडेचार हजार की सहा हजार, एवढ्यावरच घुटमळलो. चहाला थांबलो, पण त्याच खोलीत, तोच वाद घालत. रात्री नऊला थकून एका कलमाला होकार दिला; सकाळी वाचलं तर ते आम्हाला नकोच होतं.

आता अर्धा तास वेगळ्या खोल्यांत बसायचं आणि उठण्यापूर्वी एकच प्रश्न ठरवायचा, असं मनात आहे: रोख सोडून वाढ कशातून देता येईल? पण मध्येच थांबायला सांगितलं की समोरच्यांना आम्ही ढिले पडलो असं वाटतं. मधल्या सुट्टीच्या वेळा सुरुवातीलाच दोघांनी मिळून ठरवाव्यात का? आणि परतल्यावर आधी कोणी बोलावं? शुक्रवारी पुढची बैठक आहे, अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.