बस बंद होतेय, हे माणसांना कोणत्या तोंडाने सांगू?

शिफ्ट इन्चार्ज, अंबड: सिन्नरहून येणाऱ्या 14 जणांची कंपनीची बस 1 तारखेपासून बंद होतेय, त्याऐवजी महिना 900 रुपये मिळणार. सोमवारी शिफ्टच्या सुरुवातीला ते मीच सांगावं, असं प्लँट हेड म्हणाले. माझा विरोध होता, तो मी तिथे बोललोही. आता माणसांना सांगताना "वरून आलंय" म्हणू की "आपण ठरवलंय"?

सातपूरकर: "वरून आलंय" म्हणू नका. मी नऊ वर्षं लाइन सांभाळली. एकदा तसं म्हटलं आणि त्यानंतर साधी रजा मागायलाही माणसं माझ्याकडे न येता थेट वर जायला लागली.

युनियनवाला: म्हणजे खोटं बोलायचं? दुसरी शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते. शिंदे-पळसेच्या रस्त्याने तेव्हा दुचाकीवर जायचं. जाऊन-येऊन लिटरभर पेट्रोल धरलं तरी 26 दिवसांचे 2,600 च्या वर जातात. 900 त कसं भागायचं? आणि 21 दिवसांची नोटीस लागते, त्यामुळे कंपनी बस बंद करूच शकत नाही.

निवृत्त कामगार अधिकारी: नोटिशीचं बरोबर, पुढचं नाही. वर्षानुवर्षं दिलेली सवलत काढायची तर 21 दिवस आधी लेखी कळवावं लागतं. जुन्या कायद्यात कलम 9 अ होतं, नव्या संहितेतही मुदत तीच आहे. पण नोटीस देणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे. मुदत संपली की कंपनी बस काढू शकते. मात्र वाद समेटाच्या कारवाईत गेला, तर तोवर त्या मुद्द्यात लेखी परवानगीशिवाय बदल करता येत नाही. युनियनशी करार झाला तर मात्र नोटिशीचीही गरज नाही.

म्हणून साहेब, सोमवारी काहीच जाहीर करू नका. नोटीस मालकाने द्यायची असते. तुम्ही तोंडी सांगितलंत आणि ती निघालीच नाही, तर चौकशीत "इन्चार्जने परस्पर सांगितलं" असं म्हणायला वरच्यांना जागा राहते. आधी एचआरला मेल करा: नोटीस कधी लागणार, 900 चा हिशेब कोणत्या अंतरावर धरलाय? वरचा पेट्रोलचा हिशेब त्याच मेलमध्ये घाला.

बँकेतली: आमच्या शाखेत मीही मध्येच अडकलेय. विम्याचं टार्गेट वरून येतं, शिव्या मला. दोन वर्षांत तीन जणी सोडून गेल्या. बदली मागावी का?

सातपूरकर: ताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण इथे बसचं चाललंय. अधिकारीसाहेब, मेल केला की प्लँट हेड म्हणणार, "मला डावलून एचआरकडे गेला". पुढच्या अप्रेझलला त्याची किंमत तुम्ही देणार का?

निवृत्त कामगार अधिकारी: नाही देणार. म्हणून मेल प्लँट हेडनाच करावा, एचआरला फक्त प्रत. तरी राग धरला जाऊ शकतो, हे मी नाकारत नाही.

शिफ्ट इन्चार्ज, अंबड: मेल केला. उत्तर तोंडी आलं: "नोटीस निघेल, पण सोमवारी तू कानावर घाल." चौदातले दोघे माझ्याच हाताखाली शिकलेले आहेत, त्यांनी काल विचारलंही. मी म्हणालो, "बसबद्दल काही चाललंय, कागद आला की तुमच्यासमोर वाचतो, आणि 900 कमी आहेत हे मी लिहून दिलंय."

सातपूरकर: शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

युनियनवाला: तेच एक बोलायला हवं होतं.