दुखत नाही म्हणून वजन वाढवायचं का?

"गुडघ्याच्या एसीएलचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, गुडघा अजिबात दुखत नाही, मग लेग प्रेसला वजन का वाढवू देत नाहीत?"

दादा, फिजिओंचं बरोबर आहे. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला बंध, त्याच्या जागी बसवलेला नवा स्नायुबंध ऑपरेशननंतर साधारण 6 ते 12 आठवड्यांत सगळ्यात कमकुवत असतो, कारण शरीर तो आतून नव्याने बांधत असतं. दुखणं मात्र त्याआधीच थांबतं. म्हणून दुखण्यावर नाही, सुजेवर लक्ष ठेवा.

हेच ऑपरेशन झालेला माझा भाचा सात रस्त्याजवळच्या जिममध्ये जातो. दोन्ही पायांच्या लेग प्रेसवरून एका पायावर आला, त्या दिवशी काहीच जाणवलं नाही. सकाळी वाटीच्या आतल्या बाजूचा खळगा भरलेला. हाताच्या तळव्याने तिथलं सुजेचं पाणी वर सारलं, बाहेरून खाली हात फिरवला, की आत पुन्हा फुगवटा. फिजिओंनी वजन उतरवलं, सूज गेल्यावरच पुढची पायरी दिली. लेग एक्स्टेन्शन तर त्यांनी ठरवून दिलेल्या कोनातच करा. पाय पूर्ण सरळ करताना नव्या बंधावर ताण येतो. पळायची परवानगीही तारीख बघून मागू नका, आधी दोन्ही मांड्यांची ताकद मोजून घ्या.