मदत हवी आहे : मौलानांना साप्ताहिक वर्गासाठी बोलवायचं पत्र (यावल तालुका)

सातपुडा_पायथा
शुक्रवारच्या आत उत्तर हवंय. आमच्या मशिदीच्या कमिटीने पत्राचं काम माझ्यावर टाकलंय. भुसावळच्या एका मौलानांना आठवड्यातून एकदा बोलवायचंय, कामधंदा करणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवायला. महिन्यापूर्वी एक पत्र दिलं, उत्तरच नाही. काय चुकलं ते सांगा :

"मुहतरम मौलाना साहेब, अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह. आपल्या इल्मची ख्याती ऐकून आहोत. आमच्या गावातल्या लोकांना दीनची माहिती कमी आहे. तरी आपण दर आठवड्याला मगरिबनंतर येऊन तालीम द्यावी ही विनंती. योग्य तो हदिया देण्यात येईल. – सदर, मस्जिद कमिटी"

केळीवाला_रावेर
आमच्याकडे मकतब आहे. पोरांना दोन तुकड्यांत बसवा, लहान वेगळी, मोठी वेगळी. आणि पालकांची सही घ्या, नाहीतर पावसाळ्यात निम्मी पोरं गायब होतात.

सातपुडा_पायथा
भाऊ, पोरांचं नाही. मोठ्या माणसांचं. वर लिहिलंय.

लोको_भुसावळ
पत्रात वार नाही, किती माणसं ते नाही, त्यांना काय येतं ते नाही. मौलाना उत्तर कशाचं देणार? शिवाय "मगरिबनंतर" ही वेळच नाही. आपल्याकडे जूनअखेर मगरिब सव्वासातच्या आसपास असते, डिसेंबरात सहाच्या आधी. उन्हाळ्यात जमलेली माणसं हिवाळ्यात कामावरून सुटलेलीही नसतात. आमच्या मोहल्ल्यातला वर्ग नोव्हेंबरात असाच मोडला. सगळ्यांना वाटलं लोकांची आवड गेली. घड्याळाची वेळ लिहा.

सातपुडा_पायथा
हे डोक्यातच आलं नव्हतं. पंचवीसेक माणसं आहेत. बरीचशी केळी कापणीच्या मजुरीवर, दोघं एसटीत, एक जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, काही दुकानदार. जवळजवळ सगळे आम्ही तडवी. मराठी शाळेत शिकलेले, उर्दू वाचता येत नाही.

निवृत्त_मुदर्रिस
आता खरी गोष्ट कळली. ही शेवटची ओळ पत्रात पहिली हवी होती. मराठीत शिकवायचंय हे मौलानांना माहीतच नसेल, तर ते उर्दू किताब घेऊन येतील आणि दुसऱ्या आठवड्यात माणसं माना हलवत बसतील.

दोन गोष्टी विचारतो. तुमच्या मशिदीला इमाम आहेत का? आणि हे मौलाना कुठे नोकरीत आहेत का?

सातपुडा_पायथा
इमाम आहेत, ते तर असणारच ना. मौलाना एका मदरशात शिकवतात.

निवृत्त_मुदर्रिस
इमामसाहेबांना विचारलंत?

सातपुडा_पायथा
नाही. कमिटीने ठरवलं.

निवृत्त_मुदर्रिस
मग उत्तर न येण्याचं कारण इथेच असू शकतं. जाणता आलिम दुसऱ्याच्या मेहराबीत त्याच्या परवानगीशिवाय जात नाही. निरोप इमामसाहेबांच्या कानावर दुसरीकडून गेला, तर ते नाराज होणार आणि मौलाना अवघडणार. आधी इमामसाहेबांकडे जाऊन बसा. पत्रावर सदरांच्या सहीखाली त्यांचीही सही घ्या. दुसरं, मौलाना मदरशाचे नोकर आहेत. त्यांच्या मोहतमिमांना वेगळं पत्र द्या, "आपल्या इजाजतीने आठवड्यातली एक संध्याकाळ" असं. नाहीतर तो माणूस मनातून हो म्हणत असला तरी गप्प राहील.

साधा_बंदा
मला हदियाचं वाक्य खटकलं. दीन शिकवायचे पैसे घेणं जायज नाही. ते काढून टाका. ज्याला शिकवायचंय तो अल्लाहसाठी येईल.

निवृत्त_मुदर्रिस
भाई, सुरुवातीच्या हनफी इमामांचं मत तेच होतं, त्यात तुम्ही बरोबर आहात. पण नंतरच्या उलमांनी जरुरत पाहून कुरआन-दीनची तालीम, इमामत आणि अजान यांची उजरत जायज ठरवली, कारण शिकवणारे पोटापाण्याला लागले तर शिकवणंच बंद पडेल. आपल्याकडचे इमाम-मुअज्जिन पगार घेतात तो त्यावरच. मला "योग्य तो" हे शब्द खटकतात. उजरत असेल तर रक्कम आणि मुदत दोन्ही आधी ठरलेली हवी. मोघम ठेवलं की देणाऱ्याला पाचशे योग्य वाटतात, घेणाऱ्याला दोन हजार, आणि दोघं मनात धरून बसतात. खुशीने हदियाच द्यायचा असेल तर पत्रात त्याचा उल्लेखच नको. पेट्रोलचा खर्च मात्र वेगळा लिहा, तो त्यांच्या खिशातून जायला नको.

साधा_बंदा
फतवा आहे हे मान्य. तरी माझं मन राजी होत नाही.

लोको_भुसावळ
पैसे येणार कुठून? आमच्याकडे एकाने जकातीच्या पेटीतून द्यायचं सुचवलं होतं.

निवृत्त_मुदर्रिस
अजिबात नाही. जकात हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते, शिक्षकाचा पगार तिच्यातून होत नाही. वर्गाची वर्गणी आणि तिची वही वेगळी ठेवा.

केळीवाला_रावेर
मोठी माणसं आहेत म्हणता, तर माझा एक सवाल त्या मौलानांना विचारा. बाग निसवायच्या आधीच व्यापाऱ्याला देऊन उचल घेतली तर चालते का? आमच्याकडे सगळे घेतात. आणि भाव तर कापणीला गाडी येईपर्यंत बदलतो.

निवृत्त_मुदर्रिस
केळीवाले, फळ दिसायच्या आधी त्याची विक्री हदीसमध्ये मना आहे. पण तुमचा व्यवहार खरंच विक्री आहे की उचल कर्ज आहे, हे बसून ऐकल्याशिवाय कोणी सांगू नये.

सातपुडा, यांचा सवाल पत्रात घाला. किताब कोणती घ्यायची ते मौलानांवर सोडा, पण तुमच्या माणसांचे खरे सवाल लिहून द्या. एसटीवाल्याची ड्यूटीत जोहर निघून जाते, शिक्षकाला फंडाच्या व्याजाचं कळत नाही, मजुराला नमाजमध्ये काय म्हणतो त्याचा अर्थ हवाय. पाच-सहा सवाल वाचले की आलिमला अंदाज येतो की समोर कोण बसणार आहे.

अंगणवाडी_चोपडा
कामाला जाणाऱ्या बायकाही मोठ्या माणसांतच येतात. आम्ही कुठे बसायचं ते पत्रात आहे का?

सातपुडा_पायथा
ताई, हे कमिटीत निघालंच नाही.

सातपुडा_पायथा
(दोन दिवसांनी) इमामसाहेबांकडे गेलो. पहिल्यांदा गप्प होते, मग म्हणाले, मीही बसेन वर्गात. नवं पत्र :

"मुहतरम मौलाना साहेब, अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू. आमचे इमामसाहेब आणि कमिटी मिळून हे पत्र लिहीत आहोत. आमच्याकडे मजुरी, नोकरी, दुकान करणारे सुमारे 25 जण शिकू इच्छितात. त्यांना मराठी कळते, उर्दू वाचता येत नाही. दर रविवारी सकाळी 7 ते 8 ही वेळ सर्वांना सोयीची आहे. आधी तीन महिने करून पाहू, मग आपण व आम्ही बसून पुढचं ठरवू. रमजानमध्ये वर्ग बंद राहील. दरमहा उजरत आपण सांगाल ती बोलून नक्की करू, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. गाडी पाठवू. लोकांचे सहा सवाल सोबत जोडले आहेत. आपल्या मोहतमिम साहेबांना वेगळं पत्र दिलं आहे. जमत नसेल तर निःसंकोच कळवावं, आपण दुसऱ्या कुणाचं नाव सुचवलं तरी चालेल."

लोको_भुसावळ
भाऊ, चिठ्ठी बरी शे. रविवारी सकाळी सातला ड्यूटी संपवून आलेला झोपतो, एवढं बघा.

निवृत्त_मुदर्रिस
"आपण सांगाल ती" नको, कोणीही आपल्या तोंडाने रक्कम सांगायला लाजतो. कमिटीने आधी आकडा ठरवून लिहावा. बाकी पाठवा.

अंगणवाडी_चोपडा
आणि आमचं?

सातपुडा_पायथा
आकडा आज रात्री ठरवतो. ताई, इमामसाहेब म्हणतात बाजूच्या खोलीत पडदा लावून आवाज पोचेल, सदर म्हणतात आधी पुरुषांचं सुरू होऊ द्या. अजून जमलेलं नाही. तुमच्याकडे कसं करतात ते लिहा, बैठकीत दाखवतो.