शब्दचर्चा: गुरूंना पत्र लिहायचंय, बारशाचा दिवस विचारायला. ‘मुहूर्त काढून द्यावा’ बरोबर वाटतं का?

पाटीपेन्सिल
भावाला मुलगी झाली आणि आमच्या घरी गुरूंना विचारल्याशिवाय काही करत नाहीत, तर पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय कारण म्हणे माझं अक्षर बरं. बाराव्या दिवशी बारसं होणार नाही, बाळाचं वजन जरा कमी आहे आणि डॉक्टर म्हणाले महिनाभर गर्दी नको. कच्चं लिहिलंय ते असं, जरा बघा:

«ती. स्व. गुरुमाऊलींना स. न. वि. वि. आपल्या आर्शीवादाने शुक्रवारी पहाटे ४.१० ला कु. बाळाचा जन्म झाला. सुतक संपले आहे. तरी आपल्या सोयीने नामकरणाचा मुहूर्त काढून द्यावा. लोभ असावा ही विनंती.»

मला फक्त ‘काढून द्यावा’ खटकतंय, बाकी ठीक आहे ना?

अण्णा_दप्तरदार
बाकी ठीक नाही 🙂 पण अगोदर तुमच्या प्रश्नाचं बघू. मुहूर्त ‘काढून’ देतात ते भटजी किंवा ज्योतिषी, ते कामच त्यांचं, पंचांग उघडून बघायचं आणि सांगायचं. गुरूंना तसं लिहिलं तर त्यांना एक काम सोपवल्यासारखं होतं. त्यांना ‘दिवस सांगावा’, ‘कोणता दिवस धरावा याची आज्ञा व्हावी’ असं लिहितात. ‘आज्ञा व्हावी’मध्ये गंमत अशी की तुम्ही मागताय पण व्याकरणात मागणारा कुठेच दिसत नाही.

आता मायना. ती. स्व. म्हणजे तीर्थस्वरूप, ते आईवडील, काका-आजोबा अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना. गुरूंना प. पू. लिहा. आणि स. न. वि. वि. मधला ‘स’ सप्रेमचा, तो बरोबरीच्या माणसाला. गुरूंना ‘शिरसाष्टांग नमस्कार’ किंवा ‘साष्टांग दंडवत’, आणि ते पूर्ण लिहा, आद्याक्षरांत नमस्कार उरकला की कोरडा वाटतो. शेवटचं ‘लोभ असावा’ही बरोबरीचंच, तिथे ‘कृपा असावी’.

चिंगीची_आई
आमच्याकडे गुरूंनी नाव पण दिलेलं, रोहिणी नक्षत्र दुसरा चरण म्हणून ‘वा’ आलं आणि त्यांनी वासंती सांगितलं, सासूबाईंना आवडलं नाही पण बोलणार कोण!! आता शाळेत वासंती आणि घरी चिंगी. तुम्ही पण नाव काय ठेवायचंय ते आधीच ठरवून ठेवा बरं.

पाटीपेन्सिल
ताई नाव नाही विचारायचं, ते आत्या ठरवणार म्हणजे मीच 😄 फक्त आशीर्वाद आणि दिवस.

अण्णा_दप्तरदार
मग पत्रात तसं स्पष्ट येऊ दे. नुसतं ‘नामकरणाबद्दल मार्गदर्शन करावे’ लिहिलंत तर उत्तरात नाव येईल, आणि आलेलं नाव नाकारणं अवघड. चिंगीच्या आई म्हणतात ते इथे लागू पडतं.

रिकामटेकडा७
सुतक शब्द काढा आधी!! सुतक कोणी गेल्यावर असतं, जन्माचं असतं ते सोयर. वाचणाऱ्याच्या काळजात धस्स होईल.

अण्णा_दप्तरदार
रिकामटेकडा, आजच्या मराठीपुरतं शंभर टक्के बरोबर. पण संस्कृतात ‘सूतक’ मूळचा जन्माचाच, सूतिका शब्द तिथलाच, मराठीत तो मृत्यूकडे सरकला आणि जन्माला सोयर उरलं, कुठे सोहेर म्हणतात, कुठे वृद्धी. पत्रात ‘सोयर फिटले’ लिहा. खरं तर न लिहिलं तरी चालेल, जन्माची वेळ कळली की ते त्यांना कळतंच.

आणि वेळेवरूनच, हे ‘शुक्रवारी पहाटे ४.१०’ नक्की काय आहे?

पाटीपेन्सिल
म्हणजे कॅलेंडरवर शनिवार १४ तारीख. पण आजी म्हणते उजाडलं नव्हतं म्हणजे शुक्रवारच.

अण्णा_दप्तरदार
आजीचं बरोबर आहे, पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. पण पत्र वाचणारा ‘शुक्रवारी पहाटे’ म्हणजे १३ ची पहाट धरणार, म्हणजे तब्बल २४ तास मागे, आणि चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र ओलांडतो, म्हणजे जन्मनक्षत्रच बहुतेक वेगळं निघणार. बारावा दिवसही सरकतो: शुक्रवारपासून मोजला तर मंगळवार येतो, शनिवारपासून मोजला तर बुधवार. तेव्हा तारीख लिहा आणि वाराचा घोळ उलगडून लिहा, ‘१४ तारखेस, शुक्रवार उलटून शनिवार उजाडण्यापूर्वी पहाटे ४.१०’. आणि जन्म कोणत्या गावी झाला तेही, त्याशिवाय लग्न काढता येत नाही. कुंडलीतलं लग्न म्हणतोय, नाहीतर कोणीतरी धावत येईल.

रिकामटेकडा७
😂 पण बारशाला मुहूर्त लागतोच कुठे, आमच्यात कधीच बघत नाहीत.

शुद्धलेखनवाली
बाराव्या दिवशी केलं तर बघत नाहीत, तो दिवस हुकला की मग बघतात. यांचा हुकलाय.

आणि मी येणारच होते: ‘आर्शीवाद’ नाही, आशीर्वाद. रफार ‘वा’वर, ‘शी’ दीर्घ. ‘मुहूर्त’ मध्ये मु ऱ्हस्व, हू दीर्घ. आणि ‘कु.’ काढा, पाळण्यातल्या बाळाला चि. लिहितात, मुलगी असली तरी.

पाटीपेन्सिल
आणि ‘आपल्या सोयीने’? ते तरी राहू दे, नम्र वाटतं.

अण्णा_दप्तरदार
त्याचा अर्थ दोन्हीकडे जातो. ‘सोयीने कळवा’ म्हणजे सवडीने उत्तर द्या, की ‘आपल्या सोयीचा दिवस’ म्हणजे तुम्ही बारशाला येणार आहात? दुसरा अर्थ घेतला तर ते आमंत्रण झालं, आणि मग भावाला त्यांच्या येण्याजाण्याचं बघावं लागेल. यायची विनंती करायची असेल तर वेगळ्या वाक्यात करा.

उलट अडचण तुमची आहे ती लिहा. गुरूंनी दिवस सांगितल्यावर ‘तो जमत नाही’ म्हणता येत नाही, म्हणून डॉक्टरांचं आधीच येऊ दे. मी असं लिहीन:

«॥ श्री ॥
प. पू. सद्गुरूंच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.
आपल्या कृपेने माझ्या भावास कन्यारत्नाचा लाभ झाला. जन्म १४ तारखेस, शुक्रवार उलटून शनिवार उजाडण्यापूर्वी, पहाटे ४.१० वाजता (गाव लिहा). बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बाळाचे वजन थोडे कमी असल्याने डॉक्टरांनी महिनाभर गर्दी टाळण्यास सांगितले आहे, त्यामुळे बाराव्या दिवशी बारसे करता आले नाही. त्यानंतरचा कोणता दिवस धरावा, याची आज्ञा व्हावी. नाव घरात ठरत आहे. चि. बाळास आपले आशीर्वाद असावेत, ही चरणी प्रार्थना.
कृपा असावी.»

शुद्धलेखनवाली
‘आज्ञा व्हावी’ मला दरबारी वाटतं. ‘दिवस सुचवावा’ का नको?

अण्णा_दप्तरदार
सुचवलेलं नाकारता येतं. पण तुमचे गुरू साधं बोलणारे असतील तर ‘सांगावा’ लिहा, मी भांडणार नाही.

चिंगीची_आई
‘नाव घरात ठरत आहे’ हे उद्धट नाही का वाटत? आम्ही असं लिहिलं असतं तर सासरे चिडले असते.

पाटीपेन्सिल
तेच मलाही वाटतंय, ‘नाव आत्या ठेवणार आहे’ केलं तर? म्हणजे रीत सांगितल्यासारखं.

रिकामटेकडा७
आत्या स्वतःच पत्र लिहितेय हे त्यांना कळलं की झालं 😄 खाली सही कोणाची करणार, भावाची ना?

पाटीपेन्सिल
अरे हो, सही भावाची असेल तर ‘माझ्या भावास’ कसं चालेल, ते ‘आम्हांस’ करते.