मदत हवी आहे: मुरघासाच्या बॅगेत एका बाजूला बुरशी, किती घास टाकून द्यावा?

इंदूरजवळ सांवेरला आमची 4 जनावरं आहेत, त्यात एक म्हैस गाभण. मक्याचा दाणा अर्धा दुधाळ असताना कापला, कुट्टी करून 1 टनाच्या बॅगेत पायाने तुडवून भरला. 50 दिवसांनी काल बॅग उघडली. मधला घास पिवळसर हिरवा, वास छान आंबट, मुठीत दाबला तर पाणी गळत नाही. पण एका बाजूला उंदराने बॅग कुरतडली होती. आठवड्यापूर्वी भोक दिसलं तेव्हाच टेप लावली, तरी तिथे वीतभर खोल निळसर-पांढरी बुरशी आहे आणि घास हाताला गरम लागतो. तेवढा भाग काढून टाकलाय, जनावरांना अजून काहीच घातलेलं नाही. दिसणाऱ्या बुरशीच्या पलीकडचा आणखी किती घास टाकावा? आणि उरलेला चांगला घास गाभण म्हशीला चालेल का?